व्हेंटिलेटरवरचा सहावा दिवस: पहिला डोस कुठला आणि मागे कधी यायचं

प्रश्न: मॅडम, मी तालुक्याच्या गावी दहा खाटांच्या आयसीयूत काम करतो. ३८ वर्षांचा शेतकरी, फवारणीचं औषध पिऊन आलेला, आज व्हेंटिलेटरवर सहावा दिवस. कालपासून ताप आहे, ट्यूबमधून घट्ट पिवळा कफ येतोय, एक्स-रेत उजवीकडे खाली शॅडो आहे. ऑक्सिजन ४० टक्क्यांवरून ६० वर न्यावा लागला. बीपी अजून ठीक आहे, क्रिएटिनिन नॉर्मल. आल्या दिवसापासून सेफ्ट्रायॅक्सोन आणि मेट्रोनिडाझोल चालू आहे. आमच्याकडे अशा वेळी मेरोपेनेम, कोलिस्टिन, टायकोप्लॅनिन तिन्ही एकदम सुरू होतात आणि रिपोर्ट काहीही आला तरी चौदा दिवस चालतात. नेमके कुठले जंतू धरून चालायचं, काय सुरू करायचं, आणि कमी कधी आणि कसं करायचं?

उत्तर:

औषधाकडे वळण्याआधी पाच मिनिटं रुग्णाजवळ उभे राहा. ऑरगॅनोफॉस्फरसच्या रुग्णात व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियाची सगळी लक्षणं न्यूमोनियाशिवायही दिसतात. अ‍ॅट्रोपिन जास्त झालं की ताप येतो आणि नाडी १३० वर जाते. विषामुळे छातीत पाणी सुटतं ते वेगळंच. शिवाय पहिल्या दिवशी पोट धुताना किंवा उलटी होताना घशातलं फुप्फुसात गेलेलं असतं, त्याची शॅडो उजवीकडे खालीच दिसते. त्यामुळे अशा रुग्णात ‘ताप, कफ आणि शॅडो’ एवढ्यावर मी न्यूमोनिया म्हणत नाही.

अ‍ॅट्रोपिनच्या तापात कातडी कोरडी आणि गरम लागते, तोंड सुकलेलं असतं, बाहुल्या मोठ्या असतात आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर आतड्यांचा आवाज जवळजवळ येत नाही. असा रुग्ण असेल तर आधी अ‍ॅट्रोपिनचं इन्फ्युजन कमी करा आणि सहा तासांनी ताप पाहा. विषाचं पाणी पातळ, पांढरं, फेसाळ असतं. तुमच्या रुग्णाचा कफ घट्ट आणि पिवळा आहे, आणि तोही अ‍ॅट्रोपिन चालू असताना. हे पू होण्याच्या बाजूने जातं. आता दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा एक्स-रे काढून आजच्या शेजारी लावा. शॅडो तेव्हाही तेवढीच असेल तर ती पहिल्या दिवसाचीच. नवीन असेल किंवा वाढली असेल तर पुढे जायचं. कफाचा गठ्ठा अडकून फुप्फुसाचा तुकडा बसला असेल तर जोरदार फिजिओथेरपी आणि सक्शननंतर दुसऱ्या दिवशीच्या फिल्मवर तो उघडलेला दिसतो. न्यूमोनिया एका दिवसात असा साफ होत नाही.

या सगळ्यात मी सर्वांत जास्त वजन ऑक्सिजनच्या गरजेला देते. ४० चे ६० झाले आणि सक्शन, पोझिशन, ट्यूबची जागा सगळं तपासूनही ते खाली येत नाहीत, म्हणजे फुप्फुसात खरंच काहीतरी नवीन घडलंय. ऑक्सिजन तेवढाच, एक्स-रे तसाच, फक्त कफ वाढलाय, असं असेल तर तो बहुधा श्वासनलिकेपुरता दाह असतो, आणि त्याला मी अँटिबायोटिक देत नाही. सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन मागवायला हरकत नाही, पण सुरू करायचं की नाही हे त्यावरून ठरवू नका. त्यांचा उपयोग बंद करताना होतो.

तुमचं वर्णन पाहता मी याला व्हेंटिलेटरचा न्यूमोनियाच धरेन. ट्यूब टाकून ४८ तास उलटून गेलेत, शॅडो नवीन आहे, पू आहे, ऑक्सिजन वाढलाय.

आता नमुना. तो नवीन औषधाच्या पहिल्या डोसच्या आधीच घ्यायचा. नंतर कमी करण्याची सगळी इमारत या एका गोष्टीवर उभी असते, आणि आपल्याकडे ती सर्वांत जास्त चुकते. रात्री दोन वाजता मेरोपेनेम जातं, सकाळी आठला कल्चर जातं, रिपोर्ट ‘वाढ नाही’ असा येतो, आणि मग कुणाचीच काहीही बंद करण्याची हिंमत होत नाही. नवीन निर्जंतुक कॅथेटर, मध्ये म्यूकस ट्रॅप, खोलवरून सक्शन. सलाईन घालून पातळ करू नका. ब्रॉन्कोस्कोप नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, ट्यूबमधून नीट घेतलेला नमुना या कामाला पुरतो. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. खोलीच्या तापमानाला रात्रभर राहिला तर तोंडातले जंतू त्यात वाढतात आणि रिपोर्ट भलतंच सांगतो. सोबत दोन्ही हातांतून एकेक ब्लड कल्चर घ्या.

कल्चर शहरात जात असेल तरी ग्रॅम स्टेनची स्लाईड तुमच्याच गावात होऊ शकते. एक काच, चार द्रावणं आणि अर्ध्या तासाचं काम. लॅबवाल्याशी एकदा बोलून ठेवा. स्लाईडवर पूपेशी भरपूर आणि तोंडाच्या सपाट पेशी कमी असतील तर नमुना खालचा आहे. पूपेशीच नसतील तर न्यूमोनियाचा विचार पुन्हा करा. पुंजक्यातले जांभळे गोल जंतू दिसले तर स्टॅफिलोकोकस, गुलाबी दांडके दिसले तर ग्रॅम निगेटिव्ह. अ‍ॅसिनेटोबॅक्टर आखूड आणि जाडसर असतो, रंग नीट उतरला नाही तर तो जांभळाही दिसतो आणि फसवतो. तेवढी सवलत ठेवून वाचायचं.

कुठले जंतू? जुन्या पुस्तकांत चौथ्या दिवसापर्यंत न्यूमोकोकस, हिमोफिलस, साधा स्टॅफ, आणि पाचव्यापासून पुढे हट्टी ग्रॅम निगेटिव्ह, अशी रेघ मारलेली आहे. अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने दिवसाची गणती ठेवली, पण त्याहून मोठा इशारा मानला तो गेल्या ९० दिवसांत शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकला. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जंतू फुप्फुसात हवेतून येत नाहीत. ते तोंडात आणि घशात बस्तान बसवतात, ट्यूबच्या फुग्याच्या कडेने झिरपतात, ट्यूबच्या आतल्या थरात राहतात. आजारी माणसाच्या तोंडातले नेहमीचे जंतू काही दिवसांतच बदलतात, आणि त्यांच्या जागी कोण येणार हे तुम्ही देत असलेलं औषध ठरवतं. तुमच्या रुग्णाला पाच दिवस सेफ्ट्रायॅक्सोन मिळालंय. सेफ्ट्रायॅक्सोनला मरणारे सगळे गेलेत. उरलेत ते त्याला न जुमानणारे: ईएसबीएल बनवणारा क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, अ‍ॅसिनेटोबॅक्टर. मेट्रोनिडाझोलबद्दल सांगायचं तर अ‍ॅस्पिरेशनला ते लागतच नाही, फुप्फुसात गळू किंवा छातीत पू असेल तर गोष्ट वेगळी. दोन्ही औषधं आजच बंद करा. नवीन सुरू करताना जुनी तशीच चालू ठेवण्याची सवय सगळीकडे आहे, आणि ती फक्त विसरण्यातून येते.

परदेशी पुस्तकांत स्टॅफचं, त्यातही एमआरएसएचं, जेवढं नाव येतं तेवढा तो आपल्या आयसीयूतल्या ट्यूबच्या नमुन्यांत नसतो. आपल्याकडे पहिल्या तीन जागा वर सांगितलेल्या तिघांच्या. आयसीएमआरच्या प्रतिकारक्षमतेच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतंय की अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या बहुतेक नमुन्यांवर कार्बापेनेम चालत नाही, आणि क्लेब्सिएलाच्याही निम्म्याहून जास्त नमुन्यांवर चालेनासं झालंय. पण ते आकडे मोठ्या रुग्णालयांचे आहेत. तुमच्या दहा खाटांत चित्र वेगळं असू शकतं, याहून बरं किंवा याहून वाईट. म्हणून एक वही करा. गेल्या वर्षभरातले ट्यूबच्या नमुन्यांचे रिपोर्ट काढा, तीस असले तरी चालतील. जंतू कुठला, मेरोपेनेम चाललं का, अमिकासिन चाललं का, एवढे तीनच रकाने पुरे. एका दुपारचं काम आहे, आणि त्यानंतर ‘आमच्याकडे सगळे तिन्ही देतात’ याऐवजी तुमच्याकडे दाखवायला आकडा असेल.

आता निवड. मी स्वतःला एक प्रश्न विचारते: माझा पहिला अंदाज चुकला आणि ते मला ४८ तासांनी कळलं, तर हा माणूस तोपर्यंत तग धरेल का? तुमचा रुग्ण बीपी राखून आहे, ६० टक्क्यांवर स्थिर आहे. त्याला मी मेरोपेनेम एकट्याने सुरू करेन. पहिला १ ग्रॅम अर्ध्या तासात, मग दर आठ तासांनी १ ग्रॅम, प्रत्येक डोस तीन तास सावकाश. सिरिंज पंप असेल तर हे सहज होतं. हे औषध रक्तात ठरावीक पातळीच्या वर जितका वेळ राहतं तितकं काम करतं, उंच शिखर गाठून काही फायदा नाही. तुमच्या वहीत मेरोपेनेम आणि पायपरसिलिन-टॅझोबॅक्टम यांच्यात फारसा फरक दिसत नसेल, तर दुसरंही चालेल, ४.५ ग्रॅम दर सहा तासांनी. फक्त सेफ्ट्रायॅक्सोन चालू असताना आलेला जंतू ईएसबीएलवाला असण्याची शक्यता मोठी, म्हणून या रुग्णात माझं मन मेरोपेनेमकडे जातं.

बीपीला नॉरअ‍ॅड्रेनलिन लागलं, किंवा ऑक्सिजन तासागणिक वाढायला लागला, की हिशोब बदलतो. मग अंदाज चुकवून चालत नाही. वहीत मेरोपेनेमला न जुमानणारे जंतू बरेच असतील तर तेव्हा कोलिस्टिन जोडायचं, पण पूर्ण मात्रेत. सुरुवातीचा डोस ९० लाख युनिट, किडनी कशीही असो. बारा तासांनंतर ४५ लाख युनिट दिवसातून दोनदा, किडनी नॉर्मल असेल तर. मी अनेक केसपेपरवर ‘कोलिस्टिन १० लाख टीडीएस’ पाहिलंय, सुरुवातीच्या मोठ्या डोसाशिवाय. असं दिलं तर रक्तात पुरेशी पातळी यायला दोन-तीन दिवस जातात, म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या दिवसांत औषध फक्त कागदावर असतं. युनिट आणि मिलिग्रॅमचा घोळही इथेच होतो, म्हणून ऑर्डर नेहमी लाख युनिटमध्ये, अक्षरी लिहा. क्रिएटिनिन रोज.

टायकोप्लॅनिन मी तुमच्या रुग्णाला आज देणार नाही. अमेरिकन निकष असा आहे की युनिटमधल्या स्टॅफपैकी १० ते २० टक्क्यांहून जास्त एमआरएसए असेल, किंवा प्रमाण माहीतच नसेल, तर त्याचं कव्हर द्या. हा निकष शब्दशः लावला तर आपल्याकडे प्रत्येकाला द्यावं लागेल. पण ट्यूबच्या नमुन्यात स्टॅफच मुळात थोडा असेल, तर त्यातल्या टक्केवारीला फार अर्थ राहत नाही. म्हणून मी स्लाईड पाहते. चांगल्या नमुन्यात पुंजके नाहीत आणि रुग्णाच्या अंगावर आधी कुठे एमआरएसए सापडलेला नाही, तर मी थांबते. जपानमध्ये ग्रॅम स्टेन पाहून औषध निवडण्याचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. स्लाईडवर निवड केलेले रुग्ण मार्गदर्शिकेप्रमाणे सरसकट औषधं दिलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत, आणि एमआरएसएची व स्यूडोमोनासची औषधं मात्र बरीच कमी लागली. जपानचे जंतू आपल्यासारखे नाहीत हे खरं, पण ‘पुंजका दिसला नाही तर स्टॅफची शक्यता कमी’ हे दोन्हीकडे सारखंच.

अजून एक, खास आपल्याकडचं. लिनेझोलिड आणि लेव्होफ्लॉक्सासिन ही दोन्ही क्षयरोगावरही चालतात. खोकला-वजन घटण्याचा इतिहास असलेल्या माणसाला ती अर्धवट दिली तर टीबी दोन आठवडे दबतो आणि नंतर निदान अवघड होतं. ती देण्याआधी नमुन्याची टीबीसाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी पाठवा.

पहिला डोस लिहिताना त्याच ओळीखाली तिसऱ्या दिवसाची तारीख आणि ‘आढावा’ असं लिहा, आणि सातव्या दिवसाची तारीख लिहून ‘बंद’. ड्यूटी बदलते, तुम्ही रजेवर जाता, पण केसपेपरवरची तारीख जागेवर राहते.

आढाव्याच्या दिवशी काय होतं ते एका रुग्णावरून सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक जण होता, चाळिशीतला, फवारणीचंच औषध. सातव्या दिवशी १०२ ताप, ऑक्सिजन ४५ वरून ७०, आणि संध्याकाळपर्यंत नॉरअ‍ॅड्रेनलिन लागलं. नमुना घेतला, स्लाईडवर भरपूर पूपेशी आणि गुलाबी दांडके, पुंजके नाहीत. शॉकमध्ये होता, म्हणून मेरोपेनेम आणि कोलिस्टिन पूर्ण मात्रेत. टायकोप्लॅनिन नाही.

अठ्ठेचाळीस तासांनी रिपोर्ट आला: क्लेब्सिएला, मिलीलिटरला १० लाखांहून जास्त. सेफ्ट्रायॅक्सोन आर, पायपरसिलिन-टॅझोबॅक्टम एस, अमिकासिन एस, मेरोपेनेम एस, कोलिस्टिनसमोर आय. रेसिडेंट म्हणाला, मॅडम, कोलिस्टिन इंटरमीजिएट आहे, चालणार नाही वाटतं. तसं नाही. २०२० पासून अमेरिकन प्रयोगशाळा मानकांत कोलिस्टिनला ‘एस’ हा शिक्काच काढून टाकलाय. आय आणि आर एवढे दोनच उरलेत, कारण औषध चाललं तरी भरवसा मर्यादितच. त्या ‘आय’कडे पाहून घाबरायचं नव्हतं, आणि आम्हाला ते औषध आता लागतही नव्हतं. मेरोपेनेम चालतंय हे कळल्यावर त्याच दुपारी कोलिस्टिन बंद केलं. क्रिएटिनिन तोवर ०.९ वरून १.५ झालं होतं. तीनच दिवस औषध मिळालं आणि किडनीने तेवढ्यात हिशोब दाखवला. पुढच्या आठवड्याभरात ते खाली आलं.

मग रेसिडेंटने रास्त प्रश्न विचारला: पायपरसिलिन-टॅझोबॅक्टम एस आहे, मग मेरोपेनेमवरून त्यावर का येत नाही? कारण ईएसबीएल. २०१८ मध्ये मेरिनो नावाचा अभ्यास आला. रक्तात सेफ्ट्रायॅक्सोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला असलेले रुग्ण, लॅबमध्ये दोन्ही औषधं चालतात असं दिसलेलं. तरी ३० दिवसांतले मृत्यू पायपरसिलिन-टॅझोबॅक्टमच्या बाजूला १२.३ टक्के आणि मेरोपेनेमच्या बाजूला ३.७ टक्के होते. तो अभ्यास रक्तातल्या जंतूंचा आहे, फुप्फुसाचा नाही, पण शॉकमधून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसात मी ती जोखीम घेतली नाही. म्हणजे इथे मागे येणं म्हणजे दोनाचं एक करणं, एवढंच होतं. प्रत्येक वेळी ‘छोट्या’ औषधावर जाता येत नाही, आणि त्यात कमीपणा नाही.

चौथ्या दिवशी ताप गेला, नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटलं, ऑक्सिजन ४० वर आला. सातव्या दिवशी मेरोपेनेम थांबवलं. एक्स-रेत शॅडो तशीच होती, आणि तिच्याकडे बोट दाखवून आणखी आठवडाभर चालू ठेवायचा आग्रह झाला. एक्स-रे साफ व्हायला आठवडे लागतात. माणूस आधी बरा होतो, एक्स-रे मागून रेंगाळत येतो, त्याच्यासाठी औषध लांबवायचं नसतं. अकराव्या दिवशी कुणीतरी ‘चेक करायला म्हणून’ ट्यूबचं कल्चर पाठवलं. आलं काय, तर अ‍ॅसिनेटोबॅक्टर, सगळ्याला आर. रात्री फोन आला, कोलिस्टिन चढवू का? मी विचारलं, ताप? नाही. ऑक्सिजन? ३५. कफ? पांढरा, थोडा. मग कशावर चढवणार, कागदावर? तो जंतू ट्यूबमध्ये राहत होता, फुप्फुसाला त्रास देत नव्हता. काही दिलं नाही. पुढे ट्यूब निघाली, माणूस चालत घरी गेला. तेव्हापासून बऱ्या होत असलेल्या रुग्णाचं ट्यूबचं कल्चर पाठवायचं नाही, असा माझ्या युनिटचा नियम आहे.

तुमचा रिपोर्ट वेगळा येऊ शकतो. अ‍ॅसिनेटोबॅक्टर, मेरोपेनेम आर, आणि रुग्ण खरोखर बिघडलेला, असं असेल तर मेरोपेनेम चालू ठेवून कोलिस्टिन जोडण्यात फायदा नाही. ही जोडी एकट्या कोलिस्टिनपेक्षा सरस ठरते का हे पाहणारे दोन मोठे अभ्यास झाले आणि दोन्हींत फरक दिसला नाही. त्यापेक्षा मोठ्या मात्रेतलं सल्बॅक्टम, दिवसाला ९ ग्रॅम तीन भागांत, सावकाश, आणि सोबत कोलिस्टिन किंवा मिनोसायक्लिन, हे मी निवडते. क्लेब्सिएला मेरोपेनेम आर आला तर लॅबला एकच प्रश्न विचारा: एन्झाइम कुठलं? आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-४८ हे दोन नेहमीचे. ऑक्सा-४८ वर सेफ्टाझिडाइम-अविबॅक्टम एकटं चालतं. एनडीएमवर ते एकटं चालत नाही, सोबत अ‍ॅझट्रिओनाम त्याच वेळी द्यावं लागतं. ही औषधं महाग आहेत, नातेवाइकांनी जमीन गहाण टाकायच्या आधी एन्झाइमचं उत्तर हातात हवं.

कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही, नमुना डोसच्या आधी घेतलेला होता, आणि त्याआधीच्या ७२ तासांत नवीन अँटिबायोटिक सुरू झालेलं नव्हतं, तर त्या ‘वाढ नाही’वर विश्वास ठेवा. तुमच्या रुग्णात सेफ्ट्रायॅक्सोन चालू होतं, पण ते पाच दिवसांचं जुनं. त्याच्या नाकावर टिच्चून आलेला जंतू कल्चरमध्ये दिसायला हवा. रुग्ण सुधारत असेल तर तिसऱ्या दिवशी बंद करून दुसरं कारण शोधायला हरकत नाही. आणि कॅन्डिडा आला तर फ्लुकोनाझोल सुरू करू नका. ट्यूबमधला कॅन्डिडा म्हणजे तोंडातला पाहुणा, फुप्फुसाचा न्यूमोनिया तो जवळजवळ कधीच करत नाही.

किती दिवस? सात, आणि तेही जंतूवर खरोखर चालणारं औषध ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवसापासून मोजून. आठ विरुद्ध पंधरा दिवसांचा फ्रेंच अभ्यास २००३ सालचा आहे. तेव्हाच मृत्यूंत फरक दिसला नव्हता, फक्त स्यूडोमोनाससारख्या जंतूंत संसर्ग पुन्हा उलटण्याचं प्रमाण जरा जास्त होतं. म्हणून स्यूडोमोनास असेल तर मी सातव्या दिवशी थांबवते, पण पुढचा आठवडाभर डोळ्यात तेल घालून ऑक्सिजन पाहते. २०२४ मध्ये नेपाळ, थायलंड आणि सिंगापूरच्या आयसीयूंमधला रिगार्ड-व्हॅप हा अभ्यास आला. तिथे ताप उतरून बीपी स्थिर झाल्यावर औषध थांबवलं, साधारण सहा दिवसांत, आणि दुसऱ्या गटाला साधारण चौदा दिवस दिलं. कमी दिवसवाले मागे पडले नाहीत. काठमांडूचे जंतू आपल्या ओळखीचेच, म्हणून हा अभ्यास मी वरिष्ठांशी वाद घालताना हटकून वापरते. रक्तात स्टॅफ सापडला, छातीत पू झाला किंवा फुप्फुसात गळू झालं, तर मात्र सात दिवस पुरत नाहीत.

आणि तिसऱ्या दिवशी सुधारणाच नसेल तर चौथं औषध जोडण्याआधी सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवा, पाणी आहे का पाहा. सेंट्रल लाईनची जागा, लघवी, सुजलेली शीर, डोस वजनाप्रमाणे आहे का, हे सगळं पाहा. मग नमुना पुन्हा घ्या.

आज रात्रीसाठी तुमच्या रुग्णाचं एवढंच: अ‍ॅट्रोपिन तपासा, नमुना घ्या, सेफ्ट्रायॅक्सोन आणि मेट्रोनिडाझोल काढा, मेरोपेनेम लावा. बीपीला औषध लागलं तर कोलिस्टिनचे ९० लाख युनिट लगेच, सकाळची वाट न पाहता. स्लाईडमध्ये काय दिसलं ते उद्या इथेच लिहा. पुंजके असतील तर टायकोप्लॅनिनबद्दलचं माझं मत बदलेल.